आज पुन्हा कामावर: एका फोटोओळीची गोष्ट

प्रसूतीची रजा संपल्याच्या दिवशी काढलेले फोटो आता ओळखीचे झाले आहेत. उंबऱ्यात उभी असलेली, इस्त्रीचा कुर्ता घातलेली आई, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला जरा जास्तच भरलेली पर्स आणि आजीच्या कडेवर बाळ. फोटो चांगला येतो. अडतं ते खालच्या ओळीपाशी. तिथे ‘सुपरवुमन’ येते, ‘आईपण आणि करिअर’ येतं, ‘मन घरी, पाऊल ऑफिसात’ येतं. या ओळी कुणाच्याही फोटोखाली चालतात, आणि हीच त्यांची अडचण.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं फोटोओळी लिहिण्यात गेली. तिथे नव्या उपसंपादकाच्या कॉपीवर पहिली काट बसते ती एकाच कारणाने: फोटोत जे दिसतंय तेच ओळीत सांगितलेलं असतं. पुरात बुडालेल्या रस्त्याचा फोटो असेल तर ‘रस्ता पाण्याखाली’ हे वाचकाला दिसतच असतं. कोणता रस्ता, पाणी केव्हा शिरलं, बस कुठून वळवली, हे ओळीने सांगायचं. घरगुती फोटोलाही हेच लागू आहे. डोळ्यांतलं पाणी फोटोत दिसत असेल तर ते पुन्हा लिहायचं कशाला? अभिमान आणि हळवेपणा या दोन भावनांची तर नावंही घेऊ नयेत. जे घडलं ते नेमकं लिहिलं की वाचणारा त्या आपणच ओळखतो.

माझ्या भाचीने गेल्या वर्षी तिचा मजकूर मला पाठवला. ती एका बँकेच्या शाखेत कॅशियर आहे. मजकूर असा होता: ‘आईपण आणि करिअर दोन्ही सांभाळणारी सुपरवुमन! आज पुन्हा ऑफिसला. बाळाला सोडताना डोळ्यांत पाणी होतं, पण स्वप्नांसाठी निघावंच लागतं. पाठिंब्याबद्दल नवऱ्याचे आणि सासरच्या सगळ्यांचे मनापासून आभार.’ खाली लिहिलं होतं, “मावशी, काहीतरी बरं करून दे ना. नऊच्या आत टाकायचंय.”

मी तिला फोन केला आणि सांगितलं, नऊच्या आत टाकू नकोस, रात्री टाक. सकाळी तुझ्याकडे नुसती धाकधूक आहे, दिवस अजून घडलेलाच नाही. मग संध्याकाळी तिला एकेक विचारत गेले.

पहिला प्रश्न बाळाच्या वयाचा. हे वय सगळ्यांचं सारखं नसतं आणि फोटोत ते कळत नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांपर्यंतची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे जिने आधीचे आठही आठवडे घेतले, ती परतते तेव्हा बाळ चार महिन्यांच्या आतबाहेर असतं. जी शेवटच्या आठवड्यापर्यंत कामावर गेली, तिचं सहा महिन्यांचं होऊन उष्टावणाला आलेलं असतं. चार महिन्यांचं बाळ पूर्णपणे दुधावर. सहा महिन्यांच्याला निदान वाटीभर पेज तरी भरवता येते. मागे कडेवरचं मूल दोन्ही फोटोंत सारखंच गुबगुबीत दिसत असलं, तरी घरातली धावपळ वेगळी असते. दोन मुलं आधीच असतील तर रजा १२ आठवडेच. आणि घरकाम करणाऱ्या बाईला ही रजा नावालाही नाही, त्यामुळे तिच्या परतण्याचा फोटो कुणी काढत नाही.

भाचीने बाळंतपणाआधी तीन आठवडे घेतले होते. सव्वीसातून तीन गेले, तेवीस उरले. लेक पाच महिन्यांची होऊन थोडे दिवस झालेले. म्हणजे दूध काढून ठेवणं आलं. मी विचारलं, “दूध कुणी पाजलं?”

“सासूबाईंनी. पण काल रात्री दोनदा विचारलं मला, गॅसवर ठेवायचं नाही ना, गरम पाण्याच्या भांड्यात नुसती बाटली ठेवायची ना? मावशी, तीन मुलं वाढवलीत त्यांनी!”

ही गोष्ट मिळाल्यावर ‘सासरच्या सगळ्यांचे मनापासून आभार’ हे वाक्य गेलं. ज्या बाईने तीन मुलं वाढवली ती सुनेच्या पद्धतीने चौथं वाढवायला शिकतेय, यात आभारही आले आणि त्या घरातलं नातंही आलं. नवऱ्याचं नाव त्या दिवसाच्या गोष्टीत कुठे आलंच नाही, म्हणून त्याला ओळीतही घेतलं नाही. तो सकाळी दूध बाटलीत भरत असता तर जरूर घेतलं असतं. बायकोला नोकरी करू दिल्याबद्दल नवऱ्याचे आभार मानणारी वाक्यं मला डेस्कवर खपत नसत, घरीही खपत नाहीत. नवरा पहिल्यांदा कामावर परततो तेव्हा बायकोने ‘परवानगी दिली’ असं कुणी लिहीत नाही.

मग विचारलं, “निघालीस तेव्हा रडली का गं ती?”

भाची जराशी थांबली. “नाही ना. झोपलेली होती. मी तयारी केली होती तिच्या रडण्याची. हिला आपलं काही नाही, पाठ फिरवून झोपली होती.”

मजकुरात ‘बाळाला सोडताना’ वगैरे होतं, ते प्रत्यक्षात घडलंच नव्हतं. घडलं ते यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. अशा ओळी फसतात त्या बहुधा इथेच: काय वाटायला हवं ते आधी ठरलेलं असतं आणि जे घडलं ते त्या साच्यात बसत नाही म्हणून गाळलं जातं. मूल बिलगून रडलं तर तसं लिहावं. झोपलं असेल, आजीकडे बघून हसत राहिलं असेल, तर तेही लिहावं. आईला थोडंसं लागतं ते त्यातच.

अभिमानाचं काय? तो ‘सुपरवुमन’ म्हटल्याने येत नाही. कामातली एखादी गोष्ट सांगावी लागते, आणि ती त्या कामातल्या माणसाला पटेल अशी हवी. शिक्षिकेला हजेरीत कोणती नवी नावं दिसली, नर्सला पहिल्याच दिवशी सलाइन लावताना शीर एका टोचण्यात मिळाली का, असं काहीतरी. भाचीला विचारलं, तर ती म्हणाली, “अगं, भीती एवढीच होती की नोटा मोजताना हात अडखळेल. पण नाही अडखळला. संध्याकाळी कॅश टॅली झाली, पहिल्याच मोजणीत.” बँकेत काम केलेल्या कुणालाही हे वाक्य वाचून बरं वाटेल. बाकीच्यांनाही अंदाज येतो.

मग ओळ अशी झाली:

‘२६ आठवड्यांनी पुन्हा कॅश काउंटरला. निघाले तेव्हा लेक झोपेत होती, त्यामुळे रडण्याचं काम एकट्या मलाच करावं लागलं. दूध कोमट कसं करायचं हे सासूबाईंनी माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं, तीन मुलं वाढवलेली असूनही. संध्याकाळी कॅश टॅली झाली. पहिल्याच मोजणीत.’

क्रमावर आमचं थोडं वाजलं. तिला लेक शेवटी हवी होती. मी म्हटलं, शेवटी जे राहील तेच वाचणाऱ्याबरोबर जातं. लेक शेवटी ठेवलीस तर सगळे ‘अरेरे’ म्हणतील आणि कॅश विसरतील. ज्या दिवशी बाळ आजारी असेल आणि तुला जावंच लागेल, त्या दिवशी क्रम उलटा कर. शिवाय इन्स्टाग्रामवर मजकूर २,२०० अक्षरांपर्यंत चालत असला तरी पडद्यावर आधी सुरुवातीचा थोडा भागच दिसतो, बाकीचा बोट लावल्यावर. म्हणून पहिल्या वाक्यात निदान ‘किती दिवसांनी, कुठे’ एवढं असलंच पाहिजे.

फोटोतूनही काही काढावं लागलं. ओळखपत्रावर कर्मचारी क्रमांक आणि चौकोनी कोड स्पष्ट वाचता येत होता, तो झाकला. बाळाला पाळणाघरात ठेवणाऱ्या आया तर पुष्कळदा उत्साहात पाळणाघराचं नाव आणि आणायला जायची वेळ दोन्ही लिहून मोकळ्या होतात. मूल कुठे आणि किती वाजेपर्यंत असतं हे अनोळखी माणसाला सांगायची काहीच गरज नसते. वरिष्ठांबद्दलचा टोमणाही तिथे नको. रजेवरून वाद झाला असेल तर तो अर्जात लिहावा, फोटोखाली लिहून हाती काही लागत नाही.

भाचीच्या मैत्रिणीने सुचवलं होतं, ‘आजची हिरकणी’ असं लिही. मराठीत हे चटकन सुचतंच. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, गडाचे दरवाजे बंद झालेले आणि घरी तान्हं मूल. ती कडा उतरून गेली आणि तिथे पुढे बुरूज बांधला गेला, अशी ही आख्यायिका. एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात ते तिच्यावरूनच. २०२२च्या डिसेंबरात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधान भवनातही हिरकणी कक्ष उभा राहिला. पुढच्या अधिवेशनात मुंबईतल्या कक्षात धूळ आहे अशी तक्रारही त्यांनीच केली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेगळी सुट्टी मिळावी, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असावं, असं कायदा सांगतो. कागदावरची ती सोय आणि धूळ असलेली खोली यांतलं अंतर काय असतं, ते अशा वेळी कळतं.

पण उंबऱ्यातल्या फोटोला हिरकणी बसत नाही असं माझं मत आहे. हिरकणी कामावरून बाळाकडे गेली. सकाळच्या फोटोतली बाई बाळापासून कामाकडे निघालेली असते. हिरकणीची उपमा द्यायचीच तर संध्याकाळच्या फोटोला द्यावी, जेव्हा लोकल चुकलेली असते आणि पाठोपाठच्या गाडीत दारातच उभं राहावं लागतं.

भाचीने रात्री दहाला फोटो टाकला. सासूबाईंनी तो त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पुढे पाठवला, फक्त ‘दोनदा’ऐवजी ‘एकदा’ करून. शाखेतल्या शिपाईकाकांनी खाली लिहिलं, “मॅडम, उद्या पेन्शनवाल्यांची रांग आहे, लवकर या.”