आयपीओ भरण्याआधी कोणती पानं उघडायची?

आयपीओचा अर्ज मोबाइलवर दोन मिनिटांत भरून होतो, पण कंपनीचं रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस शेकडो पानांचं असतं. सेबीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याने त्यातली निदान तीन प्रकरणं स्वतः वाचावीत. ती किती बोलकी असतात, हे पेटीएमच्या, म्हणजे वन९७ कम्युनिकेशन्सच्या, नोव्हेंबर २०२१मधल्या आयपीओवरून कळतं.

सुरुवात पैसा कुठे जाणार इथून करावी. इश्यू १८,३०० कोटींचा होता. त्यातले १०,००० कोटी ‘ऑफर फॉर सेल’चे, म्हणजे जुने भागधारक आपले शेअर विकणार आणि पैसे त्यांनाच मिळणार. कंपनीकडे यायचे होते ८,३०० कोटी. जुन्यांनी विकण्यात गैर काही नाही. सुरुवातीला पैसा घालणाऱ्याला कधीतरी तो मोकळा करायचाच असतो. पण निम्म्याहून जास्त रक्कम तिकडे जात असेल, तर आपल्या पैशातून कंपनी वाढणार हा समज अर्धाच खरा असतो. कंपनीच्या वाट्यातले ४,३०० कोटी ग्राहक आणि व्यापारी जोडण्यासारख्या कामांसाठी होते, २,००० कोटी नवे व्यवसाय, कंपन्यांची खरेदी आणि भागीदारी यांसाठी, बाकीचे सर्वसाधारण कामकाजासाठी. कारखाना उभारायचा किंवा कर्ज फेडायचं असेल, तर खर्च झाला की नाही हे पुढे पडताळता येतं. उद्दिष्टं अशी मोघम असली की सगळी भिस्त व्यवस्थापनावर राहते.

‘जोखीम घटक’ या प्रकरणात युद्ध, महापूर, मंदी ही वाक्यं जवळजवळ प्रत्येक कंपनी लिहिते. ती भरभर वाचली तरी चालतील. आकडा असलेली जोखीम मात्र थांबून वाचावी. पेटीएमने आपण तोट्यात आहोत आणि पुढे खर्च वाढेल, हे स्वतःच लिहिलं होतं. २०२०-२१चा तोटा सुमारे १,७०१ कोटी होता.

तिसरं प्रकरण प्रवर्तकांचं. त्यांचे आधीचे उद्योग, नातेवाइकांच्या कंपन्यांशी असलेले व्यवहार आणि प्रलंबित खटले तिथे किंवा जवळच्याच प्रकरणांत सापडतात. त्यांना स्वतःला शेअर सरासरी किती रुपयांना पडला, हेही छापलेलं असतं. तो आकडा इश्यूच्या भावाशेजारी ठेवून पाहावा. पेटीएमने आपल्याला प्रवर्तकच नाही, कंपनी व्यावसायिक व्यवस्थापन चालवतं, असं म्हटलं होतं. प्रवर्तक असले की त्यांचा किमान २० टक्के हिस्सा ठरावीक काळ विकता येत नाही. नसले की ही अट लागत नाही.

२,१५० रुपयांना दिलेला हा शेअर १८ नोव्हेंबरला, बाजारात आला त्याच दिवशी, सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. भाव किती पडेल हे प्रॉस्पेक्टसमध्ये नव्हतं. तोटा, ऑफर फॉर सेल आणि प्रवर्तक नसणं, हे तिन्ही होतं. ग्रे मार्केटचा भाव विचारण्याआधी ही पानं उघडा.