तापवर्णी द्रव्ये

तापवर्णी द्रव्ये : तापमान बदलले असता ज्यांचा रंग बदलतो व तापमान पूर्ववत झाल्यावर ज्यांना मूळचा रंग पुन्हा प्राप्त होतो, अशा द्रव्यांना तापवर्णी द्रव्ये म्हणतात. गरम चहा ओतताच बाहेरचा काळा वा निळा रंग जाऊन खालचे चित्र दिसू लागणारे चिनी मातीचे मग आणि कपाळावर लावून ताप पाहण्याच्या पट्ट्या ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या दोहोंतील रंगबदलाची कारणे मात्र सर्वस्वी भिन्न आहेत.

मगावरील लेप : या लेपात काही सहस्रांश मिमी. व्यासाच्या असंख्य पोकळ गोळ्या असतात. प्रत्येक गोळीत तीन घटक बंदिस्त केलेले असतात : रंजकद्रव्य, दुर्बल अम्ल आणि मेणासारखा विद्रावक. निळ्या रंगासाठी क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन हे रंजकद्रव्य वापरता येते. त्याच्या रेणूतील एक वलय बंद असताना ते वर्णहीन असते. अम्लाशी संयोग झाला म्हणजे हे वलय उघडते, रेणूतील इलेक्ट्रॉन तीन बेंझीन वलयांवर पसरतात व तो तांबड्या-पिवळ्या प्रकाशाचे शोषण करू लागतो. त्यामुळे तो निळा दिसतो.

विद्रावक घनरूप असतो तोपर्यंत अम्ल व रंजकद्रव्य एकमेकांस धरून राहतात आणि लेप रंगीत दिसतो. विद्रावक वितळला की, अम्ल त्याच्या रेणूंशी बांधले जाते, रंजकद्रव्य एकटे पडून त्याचे वलय मिटते व लेप पारदर्शक होतो. थंड झाल्यावर विद्रावक गोठतो आणि अम्ल पुन्हा रंजकद्रव्याकडे वळते. या फेऱ्यात कोणताही घटक खर्च होत नाही आणि कवचामुळे कोणताही बाहेर जात नाही. बदल उलट होण्याचे कारण हेच होय.

रंग कोणत्या तापमानास जावा, हे मुख्यतः विद्रावकाच्या वितळबिंदूवरून ठरते. १-टेट्राडेकॅनॉल सुमारे ३८° से.ला, तर १-हेक्झाडेकॅनॉल सुमारे ४९° से.ला वितळते. नाशिक येथे उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास जाते. तेथे पहिल्या विद्रावकाचा मग रिकामा असतानाच चित्र दाखवू लागेल आणि चहा ओतल्यावर त्यात काहीच फरक दिसणार नाही. दुसऱ्या विद्रावकाचा मग मात्र चहा ओतल्यावरच बदलेल व चहा निवल्यावर पूर्ववत होईल.

रंग परतण्याचे तापमान रंग जाण्याच्या तापमानाहून काही अंशांनी कमी असते. सूक्ष्म थेंबात स्फटिक सुरू होण्यास आधार सहज मिळत नाही, त्यामुळे विद्रावक वितळबिंदूच्या खाली गेला, तरी काही काळ द्रवच राहतो. घासून खोडता येणाऱ्या लेखणीच्या शाईत हे अंतर हेतुतः मोठे ठेवलेले असते. घर्षणाने सुमारे ६०° से.ला गेलेला रंग शून्याखाली बऱ्याच अंशांपर्यंत थंड केल्यावरच परततो. अशा शाईने लिहिलेला कागद उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत राहिल्यास कोरा होऊ शकतो. मात्र तो पुरेसा गोठविल्यास अक्षरे पुन्हा दिसू लागतात.

लेपाची ही क्षमता अमर्याद नसते. उन्हातील जंबुपार किरणांनी रंजकद्रव्याचे रेणू तुटतात, तर तीव्र उष्णतेने वा रगडून घासल्याने कवचे फुटतात. मग थंड पाण्यात बुडवूनही रंग फिकाच राहिला, तर द्रव्य नष्ट झाले असे समजावे. रंग भरून आला, तर विद्रावक केवळ गोठावयाचा राहिला होता.

द्रवस्फटिकी पट्ट्या : कपाळावरील पट्टीत रंजकद्रव्य नसते. १८८८ मध्ये फ्रीड्रिख राइनिट्सर यांना कोलेस्टेरॉलाच्या एका संयुगात दोन वितळबिंदू आढळले. या दोहोंमधील अवस्था ती द्रवस्फटिकाची होय. अशा पदार्थात रेणूंचे थर मळसूत्राप्रमाणे वळत जातात. एका वेढ्याची लांबी ज्या तरंगलांबीशी जुळते, तोच प्रकाश परावर्तित होतो. सामान्यतः तापमान वाढताच वेढा आखूड होतो व रंग तांबड्याकडून हिरव्याकडे आणि मग निळ्याकडे सरकतो. येथे केवळ वेढा बदलतो, रासायनिक बंध तुटत नाही. म्हणून हा बदलही उलट होतो. परावर्तित रंग उठून दिसावा म्हणून पट्टीची पाठ काळी करतात. पट्टी त्वचेचे तापमान दाखविते, शरीराच्या आतले नव्हे. घाम वा वारा यांमुळे ती कमी ताप दाखवू शकते. म्हणून मुलाच्या आजारात तिच्यावर विसंबणे योग्य नसते.

उलट न होणारा बदल : काही ठिकाणी रंग परतणे घातक ठरते. लशीच्या कुपीवरील निदर्शकातील चौकोन उष्णतेने क्रमाक्रमाने गडद होतो व कुपी पुन्हा थंड केली, तरी फिका होत नाही. कारण तेथे लहान रेणू जोडले जाऊन बहुवारिक बनते. चौकोन भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की, लस वापरीत नाहीत. तापवर्णी लेप तेथे लावला, तर उन्हात खराब झालेली लस शीतपेटीत ठेवताच पुन्हा निर्दोष भासेल. तापवर्णी द्रव्य त्या क्षणाचे तापमान सांगते. पूर्वी काय घडले, याची नोंद ते ठेवीत नाही.