उडता बाण आणि झेनोचा पेच

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एलिया नगरीत झेनो नावाचा तत्त्ववेत्ता होऊन गेला. तो म्हणे, उडता बाण कोणत्याही एका क्षणी आपल्याएवढीच जागा व्यापतो; म्हणजे त्या क्षणी तो स्थिर असतो. काळ जर अशा क्षणांचाच बनलेला, तर बाण हलतो केव्हा?

आपण गणिताला विचारू. समजा, क्ष सेकंदांत बाण ५०क्ष − २क्ष² मीटर जातो. पहिल्या सेकंदाअखेर तो ४८ मीटरांवर असेल. पुढील एक-दशांश सेकंदात तो ४.५८ मीटर जाईल. म्हणजे सरासरी वेग सेकंदास ४५.८ मीटर. एक-शतांश सेकंद घेतल्यास ४५.९८, एक-सहस्रांश घेतल्यास ४५.९९८. कालखंड शून्याकडे नेला की हे गुणोत्तर ४६ च्या हवे तितके जवळ येते. ही सीमा म्हणजेच त्या क्षणीचा वेग.

तेव्हा एकट्या क्षणात बाण सरकत नाही, हे झेनोचे म्हणणे आपण मान्य करू. पण 'स्थिर' हा शब्दही एकट्या क्षणाला लागत नाही. गती काय नि स्थैर्य काय, दोन्ही शेजारच्या क्षणांवरून ठरतात. भिंतीत रुतलेल्या बाणाची हीच सीमा शून्य येते, उडत्या बाणाची ४६. झेनोने दोघांना एकच मानले होते.