पॅनेल सर्वेक्षणातील गळती आणि स्थलांतरित उत्तरदात्यांचा शोध

प्रस्तावना

त्याच कुटुंबांना काही वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा भेटून माहिती संकलित करण्याच्या पद्धतीस पॅनेल सर्वेक्षण असे म्हणतात. प्रत्येक फेरीत काही कुटुंबे हाती लागत नाहीत. या घटीस 'गळती' ही संज्ञा वापरली जाते. गळतीमुळे केवळ नमुन्याचा आकार लहान होतो, असा समज आढळतो. वस्तुतः खरा धोका निराळा आहे. न सापडणारी कुटुंबे बहुधा गाव सोडून गेलेली असतात आणि त्यांची परिस्थिती मागे राहिलेल्यांपेक्षा वेगळी असते. प्रस्तुत लेखात हा धोका कसा निर्माण होतो व तो कमी करण्यासाठी पहिल्या फेरीपासून काय करावे लागते, याचे विवेचन केले आहे.

गळतीचा निष्कर्षावरील परिणाम

समजा, पहिल्या फेरीत 400 कुटुंबे होती. दुसऱ्या फेरीपर्यंत त्यांतील 100 कुटुंबे अन्यत्र गेली. गावात राहिलेल्या 300 कुटुंबांचे सरासरी मासिक उत्पन्न 9,000 रुपये व गेलेल्यांचे 15,000 रुपये आहे. सर्वांची खरी सरासरी 10,500 रुपये येते. स्थलांतरितांचा शोध न घेतल्यास ती 9,000 रुपये दिसेल. त्यांतील निम्मी कुटुंबे शोधल्यास ती सुमारे 9,857 रुपये होईल. याउलट, गावातीलच आणखी 100 नवी कुटुंबे घेऊन संख्या भरून काढली, तरी सरासरी 9,000 रुपयांच्या आसपासच राहील. म्हणजेच बदली कुटुंबे घेतल्याने संख्या भरते, त्रुटी भरून निघत नाही.

इंडोनेशियातील अनुभव

इंडोनेशिया फॅमिली लाइफ सर्व्हे या सर्वेक्षणाची पहिली फेरी 1993 मध्ये 7,224 कुटुंबांत झाली. 1997 च्या फेरीत सुमारे 94 टक्के कुटुंबांची पुन्हा मुलाखत घेता आली. हे यश मूळ पत्त्यावरून हललेल्यांच्या मागे जाण्यामुळे मिळाले. हे काम दोन टप्प्यांत झाले. जवळपास गेलेल्या कुटुंबांना मुख्य क्षेत्रकार्य चालू असतानाच गाठण्यात आले, तर दूर गेलेल्यांची माहिती एकत्र करून मुख्य काम संपल्यावर त्यांचा शोध घेण्यात आला. शोधासाठी वेगळा वेळ व खर्च राखून ठेवणे, हा या अनुभवाचा महत्त्वाचा धडा होय.

संपर्क पत्रक व त्याची मर्यादा

शोधाची तयारी पहिल्याच मुलाखतीत करावी लागते. संपर्क पत्रकात कुटुंबप्रमुखाचे नाव व भ्रमणध्वनी क्रमांक एवढेच पुरेसे नाही. क्रमांक बदलतात, बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याच ग्राहकास दिला जातो. म्हणून सर्व सदस्यांची नावे, गावातील प्रचलित टोपणनाव, घराची खूण आणि वेगळ्या घरात राहणाऱ्या किमान तीन व्यक्तींचा संपर्क घ्यावा. यांपैकी एक संपर्क पत्नीच्या माहेरचा असावा, कारण कुटुंबाने गाव सोडले तरी हे नाते सहसा तुटत नाही. दोन फेऱ्यांच्या दरम्यान वर्षातून किमान एकदा दूरध्वनीने पत्रक अद्ययावत करावे. पत्रक उत्तरांपासून वेगळे, केवळ सांकेतिक क्रमांकाने जोडलेले ठेवावे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. हे कामगार दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे जातात व गाळप संपल्यावर उन्हाळ्यात परततात. पहिली फेरी मे महिन्यात व दुसरी जानेवारीत घेतल्यास दाराला कुलूप दिसेल आणि प्रगणक 'स्थलांतरित' अशी नोंद करून मोकळा होईल. प्रत्यक्षात ही हंगामी अनुपस्थिती आहे. फेऱ्यांचा महिना एकच ठेवल्यास अशी गळती टळते. टोळी कोठे आहे हे मुकादमास ठाऊक असते. परंतु कामगाराने त्याच्याकडून उचल घेतलेली असते. त्यामुळे कामगाराच्या संमतीविना मुकादमाकडे विचारणा करू नये आणि सर्वेक्षणाचा विषय त्यास कधीही सांगू नये.

गळतीची तपासणी

'सापडले नाही' अशी एकच नोंद निरुपयोगी असते. मृत्यू, नकार, तात्पुरती अनुपस्थिती, पत्ता मिळालेले स्थलांतर व पत्ता न मिळालेले स्थलांतर यांची स्वतंत्र नोंद करावी, कारण प्रत्येकावरील उपाय वेगळा आहे. त्यानंतर गळालेल्या व टिकलेल्या कुटुंबांची पहिल्या फेरीतील माहिती ताडून पाहावी. जमीनधारणा, शिक्षण वा वय यांत ठळक फरक आढळल्यास गळती यादृच्छिक नाही, असे समजावे. अशा वेळी टिकलेल्यांपैकी गळालेल्यांशी साम्य असणाऱ्या कुटुंबांना अधिक भार दिला जातो. तथापि, हे भारांकन पहिल्या फेरीत नोंदलेल्या गुणविशेषांपुरतेच उपयोगी पडते. गाव सोडल्यानंतर कुटुंबाच्या आयुष्यात जे घडले, ते त्यातून कळू शकत नाही.

निष्कर्ष

संगणकावर केलेली दुरुस्ती ही क्षेत्रातील शोधाला पर्याय ठरू शकत नाही. पॅनेल अभ्यासाच्या अहवालात किती कुटुंबे टिकली याबरोबरच कोणती गळाली व का, हेही नमूद होणे आवश्यक आहे. त्याविना काळानुसार झालेला बदल आणि केवळ नमुना बदलल्याने दिसणारा फरक यांत भेद करता येत नाही.