गोठ्यावर कोणता पत्रा घालावा?

दुकानात पत्रा विचारायला गेलं की पहिला प्रश्न येतो: किती फुटी हवा? दुसरा येतो जाडीचा. पत्र्याखाली काय ठेवणार, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि निवड खरं तर तिथेच ठरते. लाकूडफाटा आणि स्कूटर ठेवायच्या शेडवर जो पत्रा पंधरा वर्षं बिनतक्रार राहतो, तोच दोन गाईंच्या गोठ्यावर चार-पाच पावसाळ्यांत चाळणी होऊ शकतो.

दापोली-गुहागरच्या बाजूचा, समुद्रापासून जवळचा एक छोटा गोठा धरू. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, एकाच बाजूला उतार. अशा गोठ्यात पत्र्यावर दोन्हीकडून मारा होतो. वरून खारा वारा आणि पाऊस आहेच. खालून शेण-मुताचा अमोनिया आणि जनावरांच्या श्वासाची वाफ. रात्री पत्रा गार पडला की ही वाफ त्याच्या पोटाला थेंब होऊन चिकटते आणि अमोनिया त्या थेंबांत विरघळतो. वरून पाऊस निदान धुऊन तरी नेतो, खालचा ओलावा तिथेच बसून राहतो. म्हणून गोठ्याचा पत्रा बहुधा पोटाकडून गंजतो. मालकाला ते कळतं तेव्हा भोकं पडलेली असतात.

जीआय पत्रा म्हणजे पोलादावर जस्ताचा थर. तो थर आहे तोवर पोलाद सुरक्षित. बाजारात चर्चा होते पत्र्याच्या जाडीची, पण आयुष्य ठरवतो जस्ताचा थर, आणि तो ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम जस्त, असा मोजतात. १२० जीएसएमच्या पत्र्यावर एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन जस्त असतं, २७५ जीएसएमवर १९. किनाऱ्यावरच्या हवेत जस्त वर्षाला दोन मायक्रॉनने झिजलं, तर पहिला थर चार वर्षांत संपतो आणि दुसरा नऊ-साडेनऊ वर्षं पुरतो. अमोनिया हा हिशेब आणखी आखडता करतो. तेव्हा ‘जाड द्या’ एवढं म्हणून भागत नाही. जीएसएमचा आकडा बिलावर लिहून घ्यावा.

मग रंगीत पत्रा? शेडसाठी तो चांगला. पण त्याचा चांगला, जाड रंग वरच्या बाजूला असतो आणि खालच्या बाजूला नुसता पातळ हात मारलेला असतो. गोठ्यात मारा नेमका त्या बाजूवर. शिवाय रंगाखालचा पत्रा गॅल्व्हल्यूमचा असेल, तर त्याच्या थरात निम्म्याहून जास्त अॅल्युमिनियम असतं. उघड्या हवेत हा थर नुसत्या जस्तापेक्षा जास्त टिकतो, पण अमोनियासारख्या अल्कधर्मी वाफेशी अॅल्युमिनियमचं जमत नाही. गॅल्व्हल्यूमच्या हमीत जनावरांचे गोठे सहसा वगळलेले असतात. हमीपत्र घरी नेऊन वाचण्यापेक्षा दुकानातच वाचावं.

पॉलिकार्बोनेट दिसायला देखणं, वजनाला हलकं, आणि उजेड भरपूर. पण अख्खं छप्पर त्याचं केलं की वैशाखात गाईंना धाप लागेल, आणि अमोनियाने हे प्लास्टिकही हळूहळू ठिसूळ होतं. त्याचा खरा उपयोग एखाद्या उजेडाच्या पत्र्यापुरता. तो जनावरांच्या डोक्यावर घालू नये. चारा टाकायच्या वाटेवर, वाऱ्याच्या बाजूला घालावा. त्याची एकच बाजू ऊन सोसते. कुठली, ते वरच्या फिल्मवर छापलेलं असतं. कारागिराने फिल्म आधीच सोलून पत्रा उलटा बसवला, तर तो काही वर्षांत पिवळा पडून तडकतो. आणखी एक गोष्ट: उन्हात तो फुगतो. तीन मीटरचा पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या तापापर्यंत ४० अंश तापला, तर जवळपास ८ मिलिमीटरने वाढतो. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, आणि वायसर मऊ पीव्हीसीचा न घेता ईपीडीएम रबराचा घ्यायचा. मऊ पीव्हीसीतून जे द्रव्य झिरपतं, त्याने भोकाभोवती तडे जातात.

राहिला सिमेंटचा पत्रा. अमोनिया त्याला गंजवू शकत नाही, मीठही नाही. सहा मिलिमीटर जाडीमुळे दुपारचा ताप उशिरा आणि कमी उतरतो. पोटाला आलेली वाफ तो थोडी शोषून घेतो, त्यामुळे सकाळी जनावरांच्या पाठीवर टपटप होत नाही. वर चुन्याचा हात दिला तर उन्हाळा आणखी सुसह्य. आपल्या गोठ्यासाठी मी तरी हाच घेईन. फक्त घेताना त्यात अॅस्बेस्टॉस नाही ना, ते पाहावं. अॅस्बेस्टॉसच्या धाग्यांची धूळ फुफ्फुसात गेली की कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडे असे पत्रे अजून सर्रास विकले जातात. आयएस ४५९ हे मानक अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचं आहे, बिनअॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांसाठी आयएस १४८७१. जुने पत्रे उतरवायचे असतील तर आधी पाण्याने भिजवावेत, अखंड उतरवावेत आणि त्यांना ग्राइंडर लावू नये.

आता माल. तीन फूट उंची घेऊन उतार दिला आणि पुढे-मागे पागोळीसाठी पत्रा बाहेर काढला, की उताराची लांबी साधारण सव्वाचौदा फूट होते, म्हणजे ४.३५ मीटर. अडीच मीटरचा एक आणि दोन मीटरचा एक पत्रा, मध्ये १५ सेंटीमीटर चढ, असा हिशेब बरोबर जुळतो. एक पत्रा रुंदीत सुमारे १.०१ मीटर झाकतो, म्हणजे पाच ओळी, एकूण दहा पत्रे. त्यातला एक त्याच पन्हळीचा पॉलिकार्बोनेटचा घ्यावा. सगळं वजन तीनशे किलोच्या आसपास जातं. लोखंडी पत्रा असता तर याच्या निम्म्याहूनही कमी भरलं असतं. म्हणून सांगाडा आधी ठरवावा: आडव्या पाइपांमध्ये १.४ मीटरहून जास्त अंतर नको आणि पत्र्यांचा चढ पाइपावरच आला पाहिजे. इथे पाच आडवे पाइप लागतात. भोक ड्रिलनेच, पन्हळीच्या माथ्यावर, बोल्टपेक्षा थोडं सैल पाडावं. खिळा ठोकून पाडलेल्या भोकातून तडा सुरू होतो. बोल्टही करकचून आवळायचा नसतो.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय द्यायचा नाही. वर चढायचंच असेल तर दोन पाइपांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरून चालावं. पत्रा फुटून माणूस खाली पडतो आणि जिवाला मुकतो, असे अपघात दर वर्षी होतात.

आणि कोकणात दोन कारणांनी माझा हा सगळा निर्णय उलटू शकतो: नारळ आणि वानर. गोठ्यावर माड वाकलेला असेल, किंवा वानरांची टोळी रोज त्याच वाटेने उड्या मारत जात असेल, तर सिमेंटचा पत्रा पहिल्या मोसमातच फुटेल. कौलांच्या जागी पत्रे आले त्याला वानरं हे मोठं कारण आहे, हे तिकडे कोणीही सांगेल. अशा जागी २७५ जीएसएमचा जीआय पत्रा घ्यावा आणि पोटाला गोठ्यात चालेल असा चांगला रंग बसवण्याआधीच, जमिनीवर मारून घ्यावा. भिंत छपरापर्यंत न नेता वर दीड-दोन फूट मोकळं सोडावं, म्हणजे वाफ निघून जाईल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा कितीतरी पत्रे उडाले. म्हणून कडेच्या ओळींना स्क्रू दुप्पट द्यावेत आणि पाइप खांबाला वेल्ड किंवा बोल्टने पक्के करावेत. जीआय पत्रा कापायला ग्राइंडरऐवजी कात्री वापरावी. ग्राइंडरच्या तापलेल्या ठिणग्या जस्तात रुततात, आणि पहिल्याच पावसानंतर तिथे तांबडे ठिपके दिसू लागतात.