तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर?

तेरीजपत्रकाच्या दोन्ही बाजू जुळल्या की खतावणी निर्दोष आहे, हा हिशेबातला सर्वांत मोठा गैरसमज. तेरीज एवढेच सांगते की नावे आणि जमा रकमांची बेरीज सारखी आहे. रक्कम योग्य खात्यात गेली का, हे तिला कळत नाही.

एका कारखान्याच्या तेरजेत नावे बाजू ४,८२,३०० रुपये आणि जमा बाजू ४,८१,४०० रुपये आली. फरकाचे ९०० रुपये निलंबित खात्यात, म्हणजे व्यवहारातल्या ‘सस्पेन्स’मध्ये, जमा दाखवून तेरीज तात्पुरती जुळवली. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा जुना ठोकताळा आहे. तो एकच चूक असताना उपयोगी पडतो. येथे त्याने दिशाभूल केली. शोधाअंती दोन चुका निघाल्या. विक्री पुस्तकाची बेरीज १,००० रुपयांनी कमी धरली गेली होती, आणि मजुरीचे ६४० रुपये मजुरी खात्यात ५४० असे चढले होते.

पहिल्या चुकीसाठी निलंबित खाते १,००० रुपयांनी नावे आणि विक्री खाते जमा केले. दुसरीसाठी मजुरी खाते १०० रुपयांनी नावे आणि निलंबित खाते जमा. निलंबित खात्यात आधीचे ९०० आणि नंतरचे १०० जमा, समोर १,००० नावे. खाते शून्यावर आले.

खाते शून्य झाले म्हणजे चुका संपल्या, हा दुसरा गैरसमज येथेच उघडा पडतो. त्याच वर्षी १८,००० रुपयांचे उधारीवर घेतलेले यंत्र खरेदी पुस्तकात मालाची खरेदी म्हणून नोंदले गेले होते. नावे १८,००० आणि जमा १८,०००, त्यामुळे तेरजेला धक्का नाही. घसारा सोडला तर नफा मात्र तेवढ्याने कमी दिसला. ज्या चुका फरक दाखवत होत्या त्या लहान होत्या. जी गप्प होती ती त्या फरकाच्या वीसपट मोठी. ही तत्त्वाची चूक. तिची दुरुस्ती यंत्र खाते नावे आणि खरेदी खाते जमा अशी थेट होते. प्रत्येक दुरुस्ती निलंबित खात्यातून जाते, ही समजूतही म्हणून चुकीची: दोन्ही बाजूंवर सारखा परिणाम करणाऱ्या चुकीशी त्या खात्याचा संबंधच नसतो.

तेरजेला न सापडणाऱ्या आणखी चुका अशाच असतात. व्यवहार पूर्णपणे नोंदवायचा राहिला, मूळ पुस्तकातच चुकीची रक्कम लिहिली, किंवा देशपांडे यांच्याऐवजी देशमुख यांचे खाते त्याच बाजूने भरले, तरी बेरजा जुळतात. दोन वेगळ्या चुकांनी एकमेकींची भरपाई केली तरी तेच. यांचा शोध मूळ बिले, बँकेचा उतारा आणि पुरवठादारांकडून आलेले खातेउतारे ताडूनच लागतो.