कोजागरीची अंगतपंगत : आधी तक्ता, मग चूल

आश्विन पौर्णिमा जवळ आली, की गृहसंकुलांच्या गच्चीवर आटीव दुधाचा बेत ठरतो आणि त्याच्या जोडीला ‘प्रत्येकाने एकेक पदार्थ आणावा’ असा ठराव होतो. कल्पना उत्तम, पण ठराव एवढ्यावरच थांबला, तर ताटात बहुधा तीन प्रकारचे पुलाव, चार ठिकाणची बटाट्याची भाजी आणि दोन पातेली शिरा येतो. कोशिंबीर कोणीच आणत नाही आणि पोळ्या पहिल्या पंगतीतच संपतात. यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो. जे पुष्कळ प्रमाणात सहज होते, थंड झाले तरी चालते आणि सर्वांना आवडते, तेच प्रत्येक गृहिणीला स्वतंत्रपणे सुचते. म्हणून ‘काय आणाल?’ हा प्रश्नच मुळी उशिरा विचारावा. त्याआधी ताटात काय हवे, हे ठरवावे.

समजा, २४ बिऱ्हाडे आणि लहानथोर मिळून ७२ माणसे आहेत. ताटाचे भाग पाडून ते बिऱ्हाडांत वाटावेत. पोळी-भाकरी पाच घरांकडे, भाज्या पाच घरांकडे, उसळ-आमटी चार घरांकडे, भात तिघांकडे, कोशिंबिरी तिघांकडे, तळणी-वाफवणीचा पदार्थ दोघांकडे आणि गोड एकाच घराकडे. कारण दूध हे गोडच आहे. चोविसावे घर पाणी, पत्रावळी आणि वाढण्याची भांडी पाहील. ज्या घरी स्वयंपाकाला सवड नाही किंवा वृद्ध जोडपेच राहते, त्यांच्यासाठी हा वाटा मुद्दाम राखून ठेवावा.

भाग ठरल्यावर त्या त्या घराने आपल्या आवडीचा पदार्थ निवडावा आणि तक्त्यात दोन गोष्टी लिहाव्यात : पदार्थाचे नाव आणि त्यातील मुख्य जिन्नस. हा दुसरा रकाना फार महत्त्वाचा. नावे निराळी असली, तरी बटाटेवडा, बटाट्याचा रस्सा आणि आलू-मटार ही एकाच बटाट्याची तीन रूपे आहेत. कोणताही मुख्य जिन्नस दोनदाच येईल, तिसऱ्यांदा नाही, एवढा एकच नियम पाळला की पुनरावृत्ती आपोआप टळते. जो आधी लिहील त्याचा पदार्थ पक्का. नंतरच्याने दुसरा निवडावा.

प्रमाणाचा हिशेबही येथेच करावा. इतके पदार्थ समोर असताना कोणीही एका भाजीची पूर्ण वाटी घेत नाही. दोन मोठे चमचे घेतो. त्यामुळे प्रत्येक घराने ७२ जणांना पुरेल एवढे शिजवण्याचे कारण नाही. भाजी-उसळ तयार दीड किलो, भातासाठी अर्धा किलो तांदूळ, कोशिंबीर एक किलो आणि पोळ्या ३० हे माप पुरते. पाच घरांच्या मिळून १५० पोळ्या होतात, म्हणजे माणशी दोन. घरातील मोठ्या कढईत एका वेळी मावणारे हे माप असल्याने कोणावर भारही पडत नाही.

आता पथ्याचा प्रश्न. सभेत ‘कोणाला काही पथ्य आहे का?’ असे विचारले, तर बहुतेक जण संकोचाने गप्प राहतात. संयोजकाने आठ दिवस आधी घरोघरी एकट्याने विचारावे. ‘आवडत नाही’, ‘धर्मनियमाने चालत नाही’ आणि ‘खाल्ल्यास त्रास होतो’ या तीन गोष्टी निरनिराळ्या लिहून घ्याव्यात, कारण तिसऱ्या प्रकारात चूक झाली तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

आपल्या पंगतीत ही भीती सर्वांत अधिक असते ती शेंगदाण्याची. ज्या मुलाला दाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, त्याला कणभर कूटही घातक ठरू शकतो. आणि मराठी स्वयंपाकात कूट कोठे नसतो? काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूचे फदफदे, उसळ, चटणी या साऱ्यांत तो असतो, शिवाय दिसत नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलातही दाण्याचा अंश उरतो. असे एक जरी मूल संकुलात असेल, तर त्या दिवशी सर्वांनीच कूट आणि दाण्याचे तेल टाळणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. कोशिंबिरीत ओले खोबरे घालता येते. दुधाच्या मसाल्यातील बदाम-पिस्त्यांविषयीही त्या मुलाच्या पालकांना विचारावे. मसाला दुधात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवला, तर हा प्रश्न सुटतो. साखरही अशीच बाजूला ठेवावी. मधुमेही मंडळींना बिनसाखरेचे दूध मिळते.

गव्हातील ग्लुटेन न चालणाऱ्या व्यक्तीसाठी ज्वारीची भाकरी पुरेशी आहे, असे आपण समजतो. परंतु गहू दळून झाल्यावर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळते, आणि बाजारातील बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ वा मैदा असतो. म्हणून हिंगाच्या डबीवरील घटक वाचावेत, किंवा त्या व्यक्तीचा एखादा वरण-भात बिनहिंगाचा करावा. तिची भाकरी तिच्याच घरून, तिच्या वेगळ्या डब्यात यावी, हे बरे.

जैन कुटुंबांसाठी केवळ कांदा-लसूण वगळून भागत नाही. बटाटा, गाजर, मुळा, बीट हे कंदही चालत नाहीत. भाज्यांच्या पाच घरांपैकी दोघांनी दुधी, भोपळा, कोबी किंवा फरसबी घेतली, की सोय होते. पण अनेक जैन कुटुंबे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि कोजागरी तर रात्रीचीच! ऑक्टोबरात आपल्याकडे सव्वासहाच्या आसपास दिवस मावळतो. त्यांच्या पदार्थांची घरे साडेपाचलाच गच्चीवर यावीत आणि पंगतीचा आरंभ त्यांच्यापासून व्हावा. इतरांनी चंद्रोदयाची वाट पाहावी.

मांडणी करताना प्रत्येक भांड्याशेजारी चिठ्ठी असावी : पदार्थाचे नाव, कोणाच्या घरचा, आणि दाणे, सुकामेवा, दूध, गहू, कांदा-लसूण यांपैकी त्यात काय आहे. ‘जैन’ किंवा ‘पथ्याचे’ एवढेच लिहिणे पुरेसे नसते, कारण एकाचे पथ्य दुसऱ्याचे पथ्य नव्हे. प्रत्येक भांड्याचा डाव स्वतंत्र असावा. उसळीतला डाव वरणात बुडाला, की इतकी सारी काळजी त्या एका क्षणी वाया जाते. म्हणून पथ्याचे पदार्थ टेबलाच्या निराळ्या टोकाला मांडावेत आणि त्या मंडळींनी आधी वाढून घ्यावे.

शेवटची दक्षता वेळेची. शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये. भाताच्या बाबतीत तर विशेष जपावे, कारण त्यात उरलेले काही जिवाणू कोमट अवस्थेत वाढून असे विष तयार करतात, की जे भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. रात्री आठची पंगत असेल, तर भात साडेसातला शिजावा आणि झाकून गरमच वर यावा. दुपारी करून ठेवलेला पुलाव चवीला चांगला लागला, तरी तो पंगतीत नको. दहा वाजता दुधाचे पातेले समोर येईल, तेव्हा उरलेला भात कोणाच्या डब्यात न जाता टाकून दिला जावा. उरलेल्या पोळ्या मात्र खुशाल वाटून घ्याव्यात.